फक्त कमी व्होल्टेजला चुकणारा एडीसी आणि चिप कंपनीला पाठवलेला बग रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात शेतीसाठी डेटा लॉगर बनवतो. आमच्या लॉगरमधल्या मायक्रोकंट्रोलरचा एडीसी बॅटरी उतरल्यावर चुकीचे आकडे देत होता. त्याचा रिपोर्ट आम्ही चिप बनवणाऱ्या कंपनीला पाठवला. एकदा तो परत आला, दुसऱ्यांदा मान्य झाला. त्यानंतर याच वाटेवर अडकलेल्या लोकांचे बरेच प्रश्न आले. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा ते इथे एकत्र केलेत. कंपनीचं आणि चिपचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. रजिस्टरची नावंही बदलली आहेत.

१. नेमकं बिघडत काय होतं?

निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत आमचा लॉगर मांडवाच्या अँगलला बांधलेला आहे. डब्यात दोन एए अल्कलाइन सेल आणि चिप, तर जमिनीत वीतभर खोल एक थर्मिस्टर. जानेवारीत बागाईतदारांचा फोन आला, "साहेब, तुमचं यंत्र म्हणतंय पहाटे पाचला जमीन सत्तावीस अंशांवर गेली. इथं आम्ही बागेत शेकोट्या पेटवून बसलोय."

जमीन खरं तर २० अंशांच्या आसपास होती. दुपारी आकडे बरोबर यायचे, पहाटे चुकायचे. सेल बदलले की पहाटेही बरोबर यायचे. महिना-दीड महिन्याने सेल थोडे उतरले की पुन्हा तेच.

थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहमचा आणि वरचा रेझिस्टरही १० किलोओहमचा, त्यामुळे २० अंशांना १२ बिटांच्या एडीसीवर साधारण २२७६ यायला हवेत. येत होते १९५० ते १९६०. त्या आकड्याचं गणित २७ अंश होतं. म्हणजे यंत्र दिसेल ते प्रामाणिकपणे सांगत होतं, त्याला दिसतच चुकीचं होतं.

२. पुरवठा उतरला की एडीसीचा आकडा बदलणारच ना? त्यात बग कसला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर तुमच्या जोडणीवर अवलंबून आहे. एडीसीचा संदर्भ पक्क्या १.२ व्होल्टचा असेल आणि सेन्सरला पुरवठा थेट बॅटरीतून मिळत असेल, तर बॅटरीबरोबर आकडा उतरेल आणि त्यात चिपचा काही दोष नाही.

आमच्याकडे संदर्भ म्हणून चिपचा पुरवठाच वापरला होता आणि थर्मिस्टरच्या दुभाजकालाही तोच पुरवठा. दोन्ही बरोबरीने उतरतात, एडीसी फक्त गुणोत्तर मोजतो. ३.२ व्होल्टला निम्मं म्हणजे २०४८, तर १.९ व्होल्टलाही निम्मं म्हणजे २०४८च. हे गुणोत्तर बदलायला काही कारणच नाही. रिपोर्टमध्ये आम्ही ही जोडणी दुसऱ्याच वाक्यात लिहिली, कारण वाचणाऱ्याच्या मनातही पहिली शंका हीच येणार.

३. डेटाशीटमध्ये '१.८ ते ३.६ व्होल्ट' लिहिलंय. मग १.९ व्होल्टला सगळं चाललंच पाहिजे, असं धरायचं का?

नाही. पहिल्या पानावरचा तो पल्ला गाभ्याचा असतो, म्हणजे प्रोसेसर चालेल आणि मेमरी टिकेल एवढंच तो सांगतो. प्रत्येक पेरिफेरलचा वेगळा तक्ता पुढे असतो, त्यात स्वतःचा पल्ला असतो आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात टिपा असतात. आमच्या चिपच्या एडीसीचा तक्ताही १.८ व्होल्टपासूनच सुरू होत होता, पण एका टिपेत म्हटलं होतं: पुरवठा २.४ व्होल्टच्या खाली असेल तर अ‍ॅनालॉग स्विचचा बूस्टर चालू असावा.

आमचा चालू होता. निदान रजिस्टर तसं म्हणत होतं. ती गोष्ट प्रश्न ७ मध्ये येईल.

रिपोर्ट लिहिण्याआधी त्या पेरिफेरलचा तक्ता, त्याच्या टिपा आणि आधीचं एराटा-पत्रक, तिन्ही चाळा. तुमचा दोष पत्रकात आधीच छापलेला निघाला तर रिपोर्टचे कष्ट वाचतात. तिन्ही पाहूनही दोष उरला, तर नेमकी कोणती ओळ मोडते आहे ते पान क्रमांकासह रिपोर्टमध्ये द्या. आमच्या बाबतीत ती ओळ होती: 'सॅम्पलिंग स्विचचा रोध, बूस्टर चालू असताना, पूर्ण पल्ल्यात, कमाल २ किलोओहम.'

४. आधी हे सांगा, स्विचचा आणि पुरवठ्याचा संबंध काय?

एडीसीच्या आत एक इवलासा कपॅसिटर असतो. आमच्या चिपमध्ये तो ८ पिकोफॅरडचा आहे. मोजायच्या आधी एक स्विच उघडतो, पिनवरचं व्होल्टेज त्या कपॅसिटरमध्ये भरून घेतो आणि बंद होतो. हा स्विच म्हणजे एक एनमॉस आणि एक पीमॉस, शेजारी शेजारी जोडलेले. पिनवर शून्याजवळचं व्होल्टेज असेल तर एनमॉस जोरात वाहतो. पुरवठ्याजवळचं असेल तर पीमॉस.

अडचण मधोमध होते. पुरवठा १.९ व्होल्ट आणि पिनवर ०.९५ व्होल्ट असेल, तर दोघांच्याही गेटला जेमतेम ०.९५ व्होल्ट मिळतात. ट्रान्झिस्टर चालू व्हायलाच त्यातले बरेचसे खर्च होतात. उरतं ते फारच थोडं, म्हणून दोघेही अर्धवट उघडतात आणि रोध कित्येक पट वाढतो. थंडीत ट्रान्झिस्टरचं हे चालू होण्याचं व्होल्टेज आणखी थोडं चढतं. म्हणून पहाट.

बूस्टर म्हणजे चिपमधला छोटा चार्ज पंप. तो स्विचच्या गेटला पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो, म्हणजे पुरवठा कमी असला तरी स्विच पूर्ण उघडतो. ही सोय काही जगावेगळी नाही. एसटी कंपनीच्या एसटीएम३२ एल४ मालिकेतही `SYSCFG_CFGR1` मध्ये `BOOSTEN` नावाचा बिट याच कामासाठी आहे. आमची चिप ती नाही, पण कल्पना तीच.

५. पुरवठा कमी झालाय हे मल्टिमीटरने मोजलं तर चालेल ना?

रिपोर्टसाठी नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. उतरलेल्या एए सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. रेडिओने एक पाकीट पाठवलं की काही मिलिसेकंदांसाठी पुरवठा खाली कोसळतो आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. तुम्ही '२.१ व्होल्टला बिघडतं' असं लिहाल आणि प्रत्यक्षात त्या क्षणी १.७ असतील. मग चिपचा काय दोष?

ऑसिलोस्कोप घ्या. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून आखूड स्प्रिंग लावा आणि चिपच्या पुरवठ्याच्या पिनला अगदी चिकटलेल्या कपॅसिटरवर मोजा. ट्रिगर म्हणून फर्मवेअरमधून एक पिन मोजणीच्या अगदी आधी वर उचला. मोजणीच्या क्षणी पुरवठा किती होता, हे चित्रातच दिसलं पाहिजे. आम्ही रेडिओ पूर्ण बंद ठेवून, बाकावरच्या पॉवर सप्लायवर हे चित्र घेतलं. त्यात पुरवठ्याची रेघ १.९० व्होल्टला सरळ होती. ते एक चित्र जोडल्यामुळे सप्लायवर शंका घ्यायला जागा उरली नाही.

६. आपल्याच बोर्डाचा दोष नाही हे कसं दाखवायचं?

तुमच्या बोर्डावर रिपोर्ट पाठवूच नका. कंपनीचा स्वतःचा मूल्यांकन बोर्ड घ्या आणि त्यावर दोष दाखवा. तो त्यांच्या टेबलावरही असतो. त्यांना तुमचा बोर्ड कुरिअरने मागवावा लागला, की रिपोर्ट फायलींच्या तळाशी जातो.

पण या बोर्डावर दोन सापळे आहेत आणि आम्ही दोन्हींत पडलो.

पहिला म्हणजे यूएसबी-सिरीयलची वायर. आकडे संगणकावर पाहायला ३.३ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडला. चिपचा पुरवठा १.९ व्होल्ट केला, दोष दिसेना. दोन दिवस गेले. अ‍ॅडॅप्टरची ३.३ व्होल्टची रेषा चिपच्या इनपुट पिनमधल्या संरक्षक डायोडमधून आत शिरत होती आणि पुरवठा वर उचलत होती. पॉवर सप्लायच्या पडद्यावर १.९० दिसत होते आणि चिपच्या पिनवर अडीचच्या वर. बहुतेक सप्लाय करंट फक्त देतात, शोषून घेत नाहीत, म्हणून त्यांना हे कळतही नाही. उपाय सोपा आहे: चिपकडे जाणारी वायर काढून टाका, फक्त चिपकडून येणारी ठेवा आणि तीही व्होल्टेज बदलणाऱ्या बफरमधून. किंवा आकडे मेमरीत साठवा आणि प्रयोग संपल्यावर वाचा.

दुसरा सापळा डीबगरचा. बऱ्याच चिप्समध्ये डीबगर जोडलेला असला की गाढ झोप खरी लागतच नाही. आतली घड्याळं आणि पुरवठे चालूच राहतात, म्हणजे झोपेनंतर दिसणारा दोष लपतो. प्रोग्रॅम टाका, डीबगरची केबल काढा, पुरवठा पूर्ण बंद करून पुन्हा द्या, मग मोजा. 'डीबगर काढलेला होता' हे वाक्य रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

७. खरं कारण तुम्हाला सापडलं कसं?

खरं सांगायचं तर चिडचिडीतून. मूल्यांकन बोर्डावर १.९ व्होल्टला चिप चालू केली की आकडा अचूक २०४८ यायचा. बागेत चुकतं आणि टेबलावर नाही, असं आठवडाभर चाललं. मग सहकारी म्हणाली, "बागेत हा दर पंधरा मिनिटांनी झोपून उठतो. आपण त्याला झोपूच देत नाही."

झोपवून उठवला, १७२० आला.

त्यानंतर चार मोजण्या केल्या आणि रिपोर्टचा कणा त्याच आहेत. पिनला ऑप-अ‍ॅम्पच्या बफरमधून बरोबर निम्मं व्होल्टेज, ०.९५० व्होल्ट, दिलं आणि पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवला. म्हणजे बाहेरचा स्रोत अशक्त आहे असं म्हणायला जागाच नको. सॅम्पलिंगचा वेळ ४ घड्याळ-ठोके, १६ मेगाहर्ट्झला २५० नॅनोसेकंद.

पहिल्या मोजणीत आधी जमिनीचा चॅनल वाचला, लगेच मधला. आला १७२०. दुसऱ्या मोजणीत आधी पुरवठ्याचा चॅनल वाचला, मग मधला. आला २३७१. तीच पिन, तेच व्होल्टेज, आणि आकडा आधीच्या चॅनलकडे झुकतोय. याचा अर्थ सरळ आहे: आतला कपॅसिटर पूर्ण भरायच्या आत स्विच बंद होतोय आणि आधीचं शिल्लक राहतंय. संदर्भात चूक असती किंवा ऑफसेट सरकला असता, तर दोन्ही आकडे एकाच बाजूला गेले असते. बागेतलं कोडंही इथेच सुटलं. थर्मिस्टरच्या आधी आम्ही पानावरच्या ओलाव्याचा सेन्सर वाचायचो. पान कोरडं असलं की तो शून्याजवळ असतो, म्हणून तापमानाचा आकडा खाली ओढला जायचा आणि जमीन गरम दिसायची.

आता गणित. २०४८ पैकी ३२८ कमी पडले, म्हणजे ०.१६ भाग भरायचा राहिला.

```
e^(-t/RC) = 0.16   =>   t/RC = 1.83
RC = 250 ns / 1.83 = 137 ns
R  = 137 ns / 8 pF = 17 kΩ
```

डेटाशीट म्हणतं कमाल २ किलोओहम, आम्हाला दिसतात १७.

तिसरी मोजणी भाकित तपासायची. सॅम्पलिंगचा वेळ दुप्पट केला तर उरलेला भाग ०.१६ चा वर्ग व्हायला हवा, म्हणजे ०.०२६, म्हणजे आकडा १९९६. प्रत्यक्षात आला १९८८. आठाचा फरक आहे आणि तो त्याच बाजूला आहे जिकडे असायला हवा: भरताना व्होल्टेज मध्याजवळ येईल तसा स्विच आणखी अशक्त होतो, म्हणून शेवटचा टप्पा सूत्रापेक्षा रेंगाळतो. हा फरक आम्ही लपवला नाही, कारणासह लिहिला.

चौथी मोजणी: पिनवर मधलं व्होल्टेज न देता शून्य किंवा पूर्ण पुरवठा दिला. दोन्ही आकडे बरोबर. म्हणजे स्विच फक्त मधोमध अडतो, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे.

उरला बूस्टर. झोपेतून उठल्यावर `BOOST_EN` बिट वाचला तर १. बिट पुसून पुन्हा लिहिला, १०० मायक्रोसेकंद थांबलो, आकडा २०४८. बिट 'चालू' म्हणतोय, पण पंप झोपेनंतर उठलेलाच नाही. वरच्या व्होल्टेजला पंपाची गरजच नसते, म्हणून तिथे हे कधीच कळत नाही.

८. रिपोर्टसोबत कोड किती द्यायचा?

एका पडद्यावर मावेल एवढा. तुमची लायब्ररी, तुमची ऑपरेटिंग सिस्टिम, तुमचा रेडिओ, सगळं काढा. आमच्या कोडचा गाभा इतकाच होता:

```c
ANA_CTRL |= BOOST_EN;
delay_us(100);
deep_sleep(1);                        /* १ सेकंद */
lo = adc_read_pair(CH_GND, CH_MID);
hi = adc_read_pair(CH_VDD, CH_MID);
print_hex(lo, hi, ANA_CTRL);
```

`deep_sleep(1);` ही एक ओळ काढली की दोष जातो. समोरच्या इंजिनिअरला ती ओळ घालता-काढता आली, की तो तुमच्या बाजूने बोलायला लागतो. शेवटच्या ओळीत रजिस्टरही छापलंय ते यासाठीच, बिट १ असूनही आकडा चुकीचा आहे हे एकाच ओळीत दिसावं. तयार केलेली बायनरी फाइलही जोडा. कंपायलरच्या आवृत्तीवरून वाद नको.

९. किती व्होल्टेजना, किती चिप्सवर, किती तापमानांना मोजायचं?

आम्ही पाच चिप्स घेतल्या, दोन वेगळ्या तारीख-कोडच्या. एकाच चिपवर दाखवलं तर 'ती चिप स्थिर विजेने दुखावली असेल' हे उत्तर ठरलेलं. पुरवठा ३.० वरून १.८ पर्यंत ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी खाली नेला आणि तसाच परत वर आणला. परतीचा प्रवास टाळू नका. उतरताना आणि चढताना दोष वेगवेगळ्या जागी सुरू होत असेल, तर कारणही वेगळं असण्याची शक्यता असते: काहीतरी अडकून बसलंय आणि सुटत नाहीये. आमच्याकडे दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

खोलीच्या तापमानाला पाचही चिप्स २.०५ व्होल्टच्या आसपास ढळायला लागल्या, ५ अंशांना २.२ च्या आसपास. पर्यावरण-कक्ष आमच्याकडे नाही. बोर्ड घट्ट पिशवीत घालून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवला आणि वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या. चिपला थर्मोकपल चिकटवलेला होता. गार करणारा फवारा मारू नका. तापमान किती झालं ते कळत नाही, शिवाय बोर्डावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून करंट गळून एडीसी वेगळ्याच कारणाने चुकतो.

१०. शीर्षक आणि पहिला परिच्छेद कसा लिहिला?

रिपोर्ट इंग्रजीत गेला, त्याचा मराठी आशय असा. शीर्षक: 'गाढ झोपेनंतर बूस्टर सुरू होत नाही, बिट मात्र १ वाचला जातो, २.०५ व्होल्टच्या खाली एडीसीत ३२८ पर्यंत चूक (१.९ व्होल्ट, २५ अंश).' पहिल्या प्रयत्नात आमचं शीर्षक होतं, 'कमी व्होल्टेजला एडीसी नीट चालत नाही.' तसल्या शीर्षकाची रोज किती तिकिटं येत असतील त्यांच्याकडे!

पहिल्या परिच्छेदात चार गोष्टी: चिपचा पूर्ण भाग क्रमांक आणि सिलिकॉनची आवृत्ती, काय अपेक्षित होतं आणि ते कोणत्या पानावर लिहिलंय, काय दिसलं, आणि कोणत्या अटीवर ते नाहीसं होतं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. 'झोप काढली की जातो, बिट पुन्हा लिहिला की जातो, २.४ व्होल्टच्या वर जातो' या तीन तुकड्यांनी अर्धं निदान झालेलं असतं.

११. कारणाचा आपला अंदाज लिहावा का? त्यांना राग नाही येणार?

लिहा, पण मोजलेल्या गोष्टींत मिसळू नका. आम्ही शेवटी वेगळा मथळा दिला, 'आमचा अंदाज'. त्यात लिहिलं की बूस्टरचं घड्याळ झोपेत थांबतं आणि उठल्यावर बिटाच्या बदलाशिवाय पुन्हा सुरू होत नसावं. चिपच्या आतला आराखडा आपल्याकडे नसतो, त्यामुळे हा भाग चुकू शकतो. तो चुकला तरी वरच्या मोजण्या उभ्या राहिल्या पाहिजेत.

१२. 'सॅम्पलिंगचा वेळ वाढवा' असं सांगून त्यांनी तिकीट बंद केलं. आता?

आमचंही पहिलं तिकीट असंच बंद झालं. गंमत अशी की सल्ला लागू पडतो. वेळ चौपट केला तर ०.१६ चा चौथा घात होतो आणि चूक एक-दोन आकड्यांवर येते. म्हणून बरेच जण इथेच थांबतात.

पण ५ अंशांना, १.८ व्होल्टला स्विच किती अशक्त होईल याची हमी कोणीच देत नाही, कारण बूस्टर बंद असतानाचा रोध त्या पल्ल्यासाठी डेटाशीटमध्ये नाही. आज चौपट वेळ पुरला, पुढच्या बॅचला नाही पुरला, तर कोणाला विचारणार? आम्ही तिकीट पुन्हा उघडताना वाद घातला नाही. एकच प्रश्न विचारला: 'बूस्टर चालू आहे असं रजिस्टर सांगत असताना रोध १७ किलोओहम असणं तुमच्या तक्त्यातल्या २ किलोओहमशी कसं जुळतं?' त्यासोबत बिट पुसून-लिहून आधीचा आणि नंतरचा आकडा दिला, सॅम्पलिंगचा वेळ तोच ठेवून. या प्रश्नाला 'वेळ वाढवा' हे उत्तर होत नाही.

१३. आमची छोटी कंपनी आहे, वर्षाला दोन हजार चिप्स घेतो. आमचं कोण ऐकणार?

थेट पोर्टलवर टाकलेलं तिकीट पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे जातं. ज्या वितरकाकडून चिप्स घेता, त्याच्याकडे बहुतेक वेळा एक फील्ड अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर असतो. त्याला तिकिटाचा क्रमांक द्या आणि त्याच्याच टेबलावर, त्याच्याच बोर्डावर दोष दाखवा. आमचा इंजिनिअर मूल्यांकन बोर्ड घेऊन ऑफिसात आला, चहा होईपर्यंत त्याने स्वतः ती झोपेची ओळ तीनदा घातली-काढली आणि जाताना फोनवर कोणाशी तरी बोलत गेला. नंतर आलेला मेल सिलिकॉन तपासणाऱ्या गटाकडून होता.

१४. ब्राउन-आउट रीसेट वर लावला असता तर हा त्रास झालाच नसता ना?

झाला नसता, पण सेलही अर्धवट वापरून फेकावे लागले असते. थंडीत २.२ व्होल्टला दोष सुरू होतो. रीसेट त्याच्या वर लावायचा म्हणजे दर सेल १.१ व्होल्टच्या वर असतानाच यंत्र बंद. चिप १.८ पर्यंत चालते म्हणूनच तर ती निवडली होती.

रिपोर्टमध्ये मात्र ब्राउन-आउटची पातळी लिहाच आणि रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर प्रयोगाच्या शेवटी वाचून द्या. मध्येच गुपचूप रीसेट होऊन सगळी सेटिंग्ज पुसली गेली असतील, तर 'बूस्टर बंद पडला' हा तुमचा निष्कर्षच खोटा ठरेल.

१५. आमच्याकडे एडीसी ठीक आहे, पण कमी व्होल्टेजला यूआर्ट कचरा छापतो, एसपीआय चुकतो किंवा प्रोग्रॅम कुठेही कोसळतो. हेच कारण?

नाही. तिन्हींची कारणं वेगळी असतात आणि बहुतेकदा दोष आपल्या सेटिंगचा निघतो.

यूआर्टचा कचरा दिसला तर आतलं आरसी घड्याळ पाहा. पुरवठा आणि तापमान बदललं की ते सरकतं. घड्याळ एखाद्या पिनवर बाहेर काढून वारंवारिता मोजा. दोन्ही टोकांमधला फरक पाच टक्क्यांजवळ गेला की शेवटचे बिट चुकायला लागतात.

एसपीआयमध्ये वाचलेला प्रत्येक बाइट एका बिटाने उजवीकडे सरकलेला दिसत असेल, तर समोरून येणारा बिट उशिरा पोचतोय. कमी व्होल्टेजला पिनचे ड्रायव्हर संथ होतात. घड्याळ निम्मं करा. दोष गेला तर तक्त्यात कमी व्होल्टेजसाठी वेगळी कमाल वारंवारिता दिली आहे का पाहा, बहुतेकदा असते. आणि संथ कोण आहे, आपली चिप की समोरची, हे स्कोपवर पाहिल्याशिवाय रिपोर्ट नको.

प्रोग्रॅमच कोसळत असेल तर फ्लॅश मेमरी. कमी व्होल्टेजला ती वाचायला जास्त थांबे द्यावे लागतात आणि डेटाशीटमध्ये त्याचा व्होल्टेजनिहाय तक्ता असतो. एक थांबा वाढवून पाहा.

१६. शेवटी कंपनीने काय केलं? बागेतल्या लॉगरचं काय झालं?

दोष मान्य झाला आणि एराटा-पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत एक परिच्छेद आला. सिलिकॉनमध्ये दुरुस्ती करण्याचा बेत नाही, असंही त्याच परिच्छेदात आहे. सुचवलेला उपाय आम्ही पाठवलेलाच, फक्त थांबण्याचा वेळ त्यांनी १०० वरून १५० मायक्रोसेकंद केला:

```c
ANA_CTRL &= ~BOOST_EN;
ANA_CTRL |= BOOST_EN;
delay_us(150);
```

हे प्रत्येक झोपेनंतर, पहिल्या मोजणीच्या आधी. सॅम्पलिंगचा वेळ आम्ही वाढवला नाही. पुढे कधी बूस्टर पुन्हा रुसला, तर ते आकड्यांत दिसायला हवं. त्यासाठी दर पहाटे एकदा, जमीन-मध्य आणि पुरवठा-मध्य अशा दोन्ही जोड्या वाचून त्यांतला फरक लॉगमध्ये टाकतो. शंभर बागांमधले लॉगर नव्या फर्मवेअरवर न्यायला आमचा माणूस मोटारसायकलवर तीन आठवडे फिरला, कारण हवेतून फर्मवेअर बदलण्याची सोय पहिल्या आवृत्तीत आम्हीच ठेवली नव्हती. तो बग आमचा.